ओव्हरड्राफ्ट घ्यावा की टर्म लोन? छोट्या उद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांच्या आणि दुकानदारांच्या कर्जाच्या फाइली करणं हे माझं रोजचं काम आहे. समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने विचारतो: 'साहेब, ओडी स्वस्त पडतो का लोन?' याला एका वाक्यात उत्तर नाही, कारण ओडीचं व्याज रोज बदलतं. ते कसं बदलतं हे एकदा नीट कळलं की बाकीचं सोपं होतं. म्हणून खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे. उदाहरणातला धंदा कुपवाड एमआयडीसीतला पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारा आहे. द्राक्ष आणि बेदाण्याचा हंगाम आला की त्याला मागणी एकदम वाढते. कागदाचे रीळ घेताना मिल रोख मागते आणि गिऱ्हाईक पैसे देतं महिन्या-दीड महिन्याने. माणूस कल्पित आहे, पण असे धंदे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत.

ओव्हरड्राफ्ट, कॅश क्रेडिट आणि टर्म लोन यांत फरक काय?

टर्म लोन म्हणजे मुदत कर्ज. एका कामासाठी एकरकमी पैसे मिळतात आणि ठरलेल्या वर्षांत ते हप्त्याने फेडायचे असतात. भरलेला हप्ता परत काढता येत नाही.

ओव्हरड्राफ्ट आणि कॅश क्रेडिट ही चालू खात्यासारखी चालणारी खाती. बँक एक लिमिट ठरवून देते. त्या मर्यादेत पैसे काढा, भरा, पुन्हा काढा. कॅश क्रेडिट, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'सीसी', माल आणि येणी यांच्या नजरगहाणावर मिळते. ओव्हरड्राफ्ट बहुधा घर, गाळा, एफडी अशा तारणावर किंवा खात्याच्या उलाढालीवर देतात. व्याज मोजायची पद्धत दोन्हींत तीच आहे, त्यामुळे पुढे मी दोघांनाही 'ओडी'च म्हणतो. बँकेत तसं बोलू नका, तिथे फॉर्म वेगळे असतात.

व्याज मंजूर लिमिटवर लागतं की वापरलेल्या पैशांवर?

वापरलेल्या पैशांवर. दहा लाखांचं लिमिट आहे आणि एक रुपयाही उचललेला नाही, तर व्याज शून्य. मात्र काही बँका न वापरलेल्या रकमेवर 'कमिटमेंट चार्ज' लावतात. तो मंजुरीपत्रात लिहिलेला असतो, सही करण्यापूर्वी तेवढी ओळ शोधा.

'रोजच्या शिल्लकीवर व्याज' म्हणजे नेमका हिशेब कसा?

बँकेचा संगणक रोज रात्री दिवस बंद करताना तुमच्या खात्यात किती रुपये नावे आहेत ते पाहतो. त्या आकड्यावर एका दिवसाचं व्याज काढतो आणि बाजूला लिहून ठेवतो. महिनाभराचे असे तीस-एकतीस तुकडे जमले की त्यांची बेरीज महिनाअखेरीला खात्याला नावे टाकतो. जुन्या लोकांना आठवत असेल, बँकेतले क्लार्क हे हाताने करायचे. प्रत्येक शिल्लक ती जितके दिवस टिकली त्या दिवसांनी गुणायची आणि सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची. त्याला 'प्रॉडक्ट' काढणं म्हणत. आजही गणित तेच आहे.

आता आपल्या बॉक्सवाल्याचा जानेवारी महिना घेऊ. लिमिट १० लाख. व्याजदर मी मुद्दाम १०.९५ टक्के धरतो, कारण त्याला ३६५ ने भागलं की दिवसाला बरोबर ०.०३ टक्के येतात, म्हणजे लाखाला रोजचे ३० रुपये. हा आकडा डोक्यात ठेवला की कॅल्क्युलेटर लागत नाही.

१ जानेवारीला खात्यात २ लाख नावे आहेत. ५ तारखेला कागदाच्या रिळांचे ४ लाख मिलला गेले, नावे झाले ६ लाख. १२ तारखेला पगार आणि वीजबिलाचा १ लाख गेला, नावे ७ लाख. २० तारखेला तासगावच्या एका गिऱ्हाइकाचे ५ लाख आले आणि नावे बाकी पुन्हा २ लाखांवर उतरली. २७ तारखेला रिळांचे आणखी ३ लाख गेले, नावे ५ लाख. महिना संपेपर्यंत ती तशीच राहिली.

| तारीख | नावे शिल्लक | दिवस | लाख × दिवस |
|---|---|---|---|
| १ ते ४ | २ लाख | ४ | ८ |
| ५ ते ११ | ६ लाख | ७ | ४२ |
| १२ ते १९ | ७ लाख | ८ | ५६ |
| २० ते २६ | २ लाख | ७ | १४ |
| २७ ते ३१ | ५ लाख | ५ | २५ |
| एकूण | | ३१ | १४५ |

१४५ गुणिले ३० रुपये, म्हणजे महिन्याचं व्याज ४,३५० रुपये.

याच माणसाने गरजेचा सर्वांत मोठा आकडा, म्हणजे ७ लाख, कर्ज म्हणून उचलून महिनाभर ठेवले असते, तर ७ × ३१ × ३० म्हणजे ६,५१० रुपये गेले असते. ओडीचा फायदा तो एवढाच: २० तारखेला आलेल्या ५ लाखांनी त्याच दिवसापासून व्याज खाली आणलं. त्या पैशांना दुसरीकडे बसून राहावं लागलं नाही.

मग वसुली आठ दिवस लवकर झाली तर किती फरक पडेल?

हे ज्याचं त्याने स्वतःच्या खात्यावर करून बघावं. वरच्या उदाहरणात तासगावचे ५ लाख २० ऐवजी १२ तारखेला आले असते, तर ५ लाख गुणिले ८ दिवस म्हणजे ४० 'लाख-दिवस' वाचले असते. त्याचे झाले १,२०० रुपये. व्याज ४,३५० वरून ३,१५० वर आलं असतं. पाव टक्का दर कमी करून घेण्यासाठी लोक मॅनेजरच्या केबिनबाहेर तासभर बसतात. या खात्यावर त्या महिन्यात पाव टक्क्याने जेमतेम शंभर रुपये वाचले असते. गिऱ्हाइकाला एक फोन केला असता तर बाराशे.

रोख सवलतीचा हिशेबही यावरच करायचा. समजा गिऱ्हाईक म्हणतं, 'एक टक्का सोडा, महिनाभर आधी पैसे देतो.' ५ लाखांवर एक टक्का म्हणजे ५,००० रुपये सोडायचे, आणि ओडीवर तीस दिवसांचं वाचणार ५ × ३० × ३० म्हणजे ४,५०० रुपये. निव्वळ व्याजाकडे पाहिलं तर नाही म्हणावं. पण खातं लिमिटला टेकलेलं असेल आणि मिल रिळं अडवून बसली असेल, तर मी हो म्हणेन.

सकाळी पैसे भरले आणि संध्याकाळी काढले तर त्या दिवसाचं व्याज वाचतं का?

नाही. संगणक दिवसअखेरची शिल्लक बघतो. सकाळी दहाला तीन लाख भरले, दुपारी चारला तीन लाख काढले, तर त्याच्या लेखी काही घडलंच नाही.

उलट संध्याकाळी पाचला भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला काढले, तर पूर्ण एक दिवस वाचतो. म्हणून दुकानाच्या गल्ल्यातली रोकड 'उद्या सकाळी भरू' म्हणून घरी नेणाऱ्याला ती एक रात्र पडतेच. शनिवारी दुपारी नेऊन सोमवारी भरणाऱ्याला दोन रात्री. लाखाला साठ रुपये हे फार नाहीत हे मलाही कळतं, पण हेच गृहस्थ वर्षभर दर शनिवारी तेच करत असतात.

चेक भरला त्या दिवसापासून व्याज थांबतं का?

चेकचे पैसे खात्यात जमा होतात त्या दिवसापासून थांबतं, तुम्ही स्लिप भरता त्या दिवसापासून नाही. खातेउताऱ्यात दोन तारखा असतात. एक नोंदीची आणि दुसरी 'व्हॅल्यू डेट'. व्याज चालतं ते व्हॅल्यू डेटवर. चेक परत आला तर जमा आणि नावे या दोन्ही नोंदी एकाच व्हॅल्यू डेटच्या आहेत ना, हे बघून घ्या. वर चेक परतीचा आकार लागतो तो वेगळाच.

एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतात. त्यामुळे रविवारी आलेले पैसे सोमवारची वाट बघत नाहीत. गिऱ्हाइकाला चेकऐवजी आरटीजीएस करायला लावण्यात ओडीवाल्याचा खरा फायदा आहे.

महिनाअखेरीला पैसे भरून ठेवले तर व्याज कमी लागेल का?

ही समजूत फार पसरलेली आहे. ३१ तारखेला पाहुण्याकडून पाच लाख आणून भरायचे आणि १ तारखेला परत द्यायचे. याने वाचतो फक्त एक दिवस: ५ × ३० म्हणजे दीडशे रुपये. व्याज ३१ तारखेला नावे पडतं, म्हणून लोकांना वाटतं की ते ३१ तारखेच्या शिल्लकीवर लागतं. ३१ तारखेला फक्त बेरीज होते, व्याज महिनाभर रोज चढत असतं.

लागलेलं व्याज भरलं नाही तर काय होतं?

ते मुद्दलात मिसळतं. ३१ जानेवारीला ४,३५० रुपये नावे पडले की १ फेब्रुवारीची शिल्लक ५ लाखांऐवजी ५,०४,३५० होते आणि व्याजावर व्याज सुरू होतं. वर्षभर असंच सोडलं तर १०.९५ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात सुमारे ११.५२ टक्के पडतो.

पैशांपेक्षा मोठी अडचण खात्याच्या तब्येतीची आहे. आधीच्या ९० दिवसांत लागलेल्या व्याजाइतकीही जमा खात्यात आली नाही, किंवा सलग ९० दिवस जमाच नाही, किंवा सलग ९० दिवस खातं लिमिटच्या वर राहिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते 'आउट ऑफ ऑर्डर' ठरतं आणि एनपीए होतं. टर्म लोनमध्ये हप्ता चुकला की फोन येतो. ओडीला हप्ताच नसतो, त्यामुळे खातं बिघडतंय हे मालकाला उशिरा कळतं. आणि एनपीए खात्यागणिक ठरत नाही. एक खातं गेलं की त्या बँकेतली त्याच कर्जदाराची बाकीची कर्जंही एनपीए धरली जातात.

टर्म लोनवरही घटत्या शिल्लकीवरच व्याज लागतं. मग फरक काय?

बरोबर आहे. बहुतेक बँकांत टर्म लोनचं व्याजही रोजच्या शिल्लकीवरच काढतात. पण ती शिल्लक महिन्यातून एकदाच, हप्त्याच्या दिवशी हलते आणि खालीच जाते. वसुलीचे पाच लाख आले तरी ते टर्म लोनमध्ये टाकायला हात धजत नाही, कारण पुढच्या आठवड्यात रिळांसाठी ते परत मिळणार नसतात. मग ते चालू खात्यात बिनव्याजी पडून राहतात आणि तिकडे लोनवर व्याज चालूच राहतं.

'फ्लॅट' दराची जाहिरात दिसली तर मात्र थांबा. त्यात शेवटच्या हप्त्यापर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज धरलेलं असतं. ९ टक्के फ्लॅट आणि ९ टक्के घटत्या शिल्लकीवर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ओडीत जागा आहे. त्यातूनच मशीन घेतलं तर काय बिघडलं?

मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या बॉक्सवाल्याला ८ लाखांचं मशीन घ्यायचं आहे. २ लाख स्वतःचे आहेत, ६ लाख कमी पडतात. ऑगस्टमध्ये, हंगाम नसताना, त्याचा ओडी जवळजवळ मोकळा असतो. टर्म लोन म्हणजे कोटेशन आणा, प्रोजेक्ट रिपोर्ट करा, दोन-तीन आठवडे थांबा. ओडी म्हणजे एक चेक फाडा. तो चेक फाडतो आणि मशीन गणपतीच्या आत शेडमध्ये येतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर बरे जातात. खात्यात ६ लाख कायम नावे आहेत, पण वर ४ लाखांची जागा आहे, काम चालतं. जानेवारी येतो. वरच्या तक्त्यात १२ तारखेला त्याला ७ लाख लागले होते. आता त्याखाली मशीनचे ६ लाख आधीच बसलेले. लागणार १३ लाख आणि लिमिट १० लाखांचं. मिलचा चेक परत जातो. मिल पुढचं रीळ आगाऊ पैशांशिवाय सोडत नाही. ऐन द्राक्षात नवं मशीन कागदावाचून उभं राहतं. मशीन उत्तम, ऑर्डर हातात, आणि धंदा अडकलेला.

आता नुसत्या व्याजाकडे पाहू. तुलनेसाठी दोन्हीकडे दर तोच धरू. ६ लाखांचं पाच वर्षांचं टर्म लोन १०.९५ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण १३,०३० रुपये येतो. पाच वर्षांत व्याज जातं अंदाजे १ लाख ८२ हजार, आणि शेवटी कर्ज शून्य. तेच ६ लाख ओडीत राहिले आणि त्याने फक्त व्याज भरलं, तर वर्षाचे ६ × ३० × ३६५ म्हणजे ६५,७०० रुपये. पाच वर्षांचे ३,२८,५०० रुपये. आणि पाच वर्षांनी ६ लाख जिथल्या तिथे.

कोणी म्हणेल, 'मी ओडीतही महिन्याला तेरा हजार जास्तीचे भरीन.' शिस्त असेल तर व्याज टर्म लोनइतकंच लागेल, गणिताला काही हरकत नाही. फक्त गेल्या बारा वर्षांत हे करून दाखवणारे मला दोनच भेटले. दोघेही निवृत्त शिक्षक होते.

पैसे ओडीत अडकलेत हे कसं ओळखायचं?

वर्षभराचा खातेउतारा काढा आणि प्रत्येक महिन्यातली सर्वांत कमी नावे शिल्लक लिहून घ्या. सर्वांत जास्त नाही, ती सगळेच बघतात. बारा आकडे झाले की त्यातला सर्वांत छोटा कोणता ते पहा.

आपल्या माणसाचा तो आकडा मशीनपूर्वी शून्याच्या आसपास होता, कारण हंगाम संपला की मे-जूनमध्ये सगळी येणी जमा होत. मशीननंतर तो ६ लाखांच्या खाली कधी गेलाच नाही. हा तळ म्हणजे ओडीच्या कपड्यातलं टर्म लोन आहे. तो कधी मशीनचा असतो, कधी न विकलेल्या मालाचा, कधी बुडालेल्या उधारीचा. आणि कधी मुलीच्या लग्नाचा, तेही फाइलीत दिसतं. खेळतं भांडवल खेळलं पाहिजे. उताऱ्यात शिल्लक वर-खाली होत नसेल तर पैसा खेळत नाही, बसला आहे.

असं दिसलं तर बँकेला सांगून तेवढा तळ वेगळ्या टर्म लोनमध्ये काढून घ्यायला सांगता येतं. काही बँका त्याला 'वर्किंग कॅपिटल टर्म लोन' म्हणतात. मशीन नुकतंच घेतलेलं असेल तर बिलं दाखवून खर्चाची भरपाई म्हणून मशीनचं टर्म लोनही मिळू शकतं, पण त्यासाठी फार महिने लोटून चालत नाही. हे खातं नियमित असताना बोलायचं असतं. चेक परत जायला लागल्यावर तीच मागणी बँकेला कर्जाची पुनर्रचना वाटते, आणि तिचे परिणाम वेगळे होतात.

लिमिट १० लाखांचं असूनही बँक पूर्ण रक्कम का वापरू देत नाही?

कारण कॅश क्रेडिटमध्ये लिमिटच्या आत आणखी एक रेघ असते, तिला 'ड्रॉइंग पॉवर' म्हणतात. तुमच्या दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ती ठरते. समजा शेडमध्ये ६ लाखांचा माल आहे आणि मिलचे २ लाख द्यायचे आहेत. तुमचा खरा माल ४ लाखांचा. त्यातून २५ टक्के मार्जिन वजा केलं की उरले ३ लाख. येणी ८ लाखांची, पण त्यातला १ लाख ९० दिवसांहून जुना, तो सहसा धरत नाहीत. उरलेल्या ७ लाखांवर ४० टक्के मार्जिन धरलं तर ४.२ लाख. ड्रॉइंग पॉवर झाली ७.२ लाख. मंजुरी १० लाखांची असली तरी त्या महिन्यात ७.२ लाखांपर्यंतच चेक पास होतील. मार्जिनचे टक्के बँकेगणिक बदलतात, रीत हीच.

स्टॉक स्टेटमेंट द्यायला लोक कंटाळतात. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर काढलेली ड्रॉइंग पॉवर नियमात बसत नाही आणि खातं अनियमित धरलं जातं. आणि आकडे फुगवून देऊ नका. बँकेचा माणूस गोडाऊन बघायला येतो तेव्हा रिळं मोजता येतात.

लिमिट किती मागावं?

पाच कोटींपर्यंतच्या खेळत्या भांडवलासाठी बँका सर्वसाधारणपणे पुढच्या वर्षीच्या अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के धरतात. नायक समितीच्या शिफारशीवरून आलेली ही पद्धत. ५० लाखांची उलाढाल दाखवली तर १० लाखांचं लिमिट. उलाढाल जीएसटीच्या विवरणपत्रांशी जुळायला हवी, कारण हल्ली पहिल्यांदा तेच उघडून बघतात. हंगामी धंद्याला ठराविक महिन्यांसाठी वाढीव लिमिट मागता येतं. द्राक्ष-बेदाण्याशी जोडलेल्या धंद्यांनी ते जरूर मागावं. ते न मागता वर्षभरासाठीच मोठं लिमिट घेणारे नूतनीकरणाची फीही वर्षभराच्या मोठ्या लिमिटवर भरतात.

ओडीला व्याजाशिवाय आणखी काय खर्च येतो?

दर वर्षी नूतनीकरण आणि त्याची फी, मालाचा विमा, तपासणीचा आकार, मोठ्या लिमिटला सीएचे दाखले. टर्म लोनची प्रोसेसिंग फी एकदाच लागते. छोट्या लिमिटला हे वरखर्च जाणवतात. मंजुरीपत्रातली चार्जेसची यादी वर्षाची बेरीज करून वाचा.

एफडीवरचा ओडी घ्यावा का?

हाताशी एफडी असेल आणि गरज थोड्या दिवसांची असेल तर हाच सगळ्यात स्वस्त आणि कमी कटकटीचा. दर बहुधा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनी जास्त असतो, स्टॉक स्टेटमेंट नाही, ड्रॉइंग पॉवर नाही. वर्षभर तो पूर्ण उचललेलाच राहणार असेल, तर मात्र एफडी मोडून टाकलेली बरी.

बँकेने लावलेलं व्याज बरोबर आहे की नाही, घरी कसं तपासायचं?

एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात महिन्याच्या सगळ्या तारखा लिहा, सुट्टीचे दिवससुद्धा. शेजारच्या रकान्यात त्या रात्रीची नावे शिल्लक. ज्या दिवशी व्यवहार नाही त्या दिवशी आदल्या दिवसाचाच आकडा. खात्यात उलट जमा शिल्लक असेल तर ती उणे लिहा. मग खाली हे सूत्र टाका:

```
=SUMIF(B2:B32,">0")*10.95/36500
```

उणे शिल्लक वगळायची, कारण ओडी खात्यात तुमचे पैसे जास्तीचे राहिले म्हणून बँक बहुधा व्याज देत नाही. १०.९५ च्या जागी तुमचा दर टाका. महिना तीस दिवसांचा असेल तर B31 पर्यंतच जा.

उत्तर दोन-चार रुपयांनी चुकलं तर सोडून द्या. जास्त फरक असेल तर तीन जागा बघा. पहिली, महिन्याच्या मध्ये दर बदलला का? सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बदलत्या दराच्या नव्या कर्जांना ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणं बँकांना बंधनकारक आहे, आणि तो दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरतो. तसं झालं असेल तर महिन्याचे दोन भाग करून मोजा. दुसरी, व्हॅल्यू डेट नोंदीच्या तारखेहून वेगळी आहे का? तिसरी, स्टॉक स्टेटमेंट उशिरा दिल्याचा किंवा लिमिट ओलांडल्याचा दंड व्याजातच मिसळला आहे का? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये याबद्दल स्पष्ट सांगितलं आहे: दंड हा दंडात्मक आकार म्हणून वेगळा लावायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्यावर पुढे व्याजही लावायचं नाही.

मागे एका फॅब्रिकेशनवाल्याचा उतारा मी असाच तपासला होता. अकरा महिने रुपयाला रुपया जुळलं. बाराव्या महिन्यात नऊशेचा फरक आला. बँक कुठे चुकली म्हणून आम्ही दोघं चहा घेत अर्धा तास शोधत होतो. चूक आमचीच निघाली: २५ डिसेंबरची सुट्टी त्याने रकान्यातून गाळली होती. त्याच्या खात्यात त्या रात्री ३० लाख नावे होते.